मेडिक्लेमची कंपनी बदला, पण माणसांच्या जुन्या तारखा सोबत न्या

प्रति,
रबाळे, महापे, तुर्भे आणि वागळे इस्टेटमधल्या लहान-मध्यम कारखान्यांचे मालक आणि एचआर सांभाळणारे सर्व जण

स. न. वि. वि.

फेब्रुवारी आला की ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या बऱ्याच ऑफिसांत ग्रुप मेडिक्लेमची कोटेशनं फिरायला लागतात. ३१ मार्चला पॉलिसी संपणार असते, गेल्या वर्षीचे क्लेम बघून जुन्या विमा कंपनीने प्रीमियम चांगलाच वाढवून मागितलेला असतो, आणि ब्रोकर दुसऱ्या कंपनीचं स्वस्त कोटेशन घेऊन समोर बसलेला असतो. कंपनी बदलायला माझी हरकत नाही. मी ब्रोकरच्याच बाजूचा माणूस आहे, ठाण्यात ग्रुप मेडिक्लेमचे क्लेम बघतो. कंपनी बदलून पैसे वाचले आणि कॅशलेसची कटकटही कमी झाली, अशी गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत.

माझी तक्रार वेगळी आहे. तुमच्या कामगारांनी आणि त्यांच्या घरच्यांनी जुन्या पॉलिसीत वेटिंग पिरियडचे, म्हणजे काही आजारांचा क्लेम मिळण्याआधी थांबायच्या मुदतीचे, जे महिने काढले, ते नव्या पॉलिसीत आपोआप जात नाहीत. ते तुम्हाला न्यावे लागतात, आणि ते जातात एक्सेलमधल्या एका रकान्यातून. तो रकाना बहुतेक वेळा रिकामा सोडलेला असतो.

हे पत्र मोठ्या आयटी कंपन्यांसाठी नाही. तिथे शेकडो माणसं असतात, सगळे वेटिंग पिरियड माफ करून घेतलेले असतात, त्यामुळे कंपनी बदलली तरी कुणाला फारसं कळतही नाही. प्रश्न येतो तो वीस, चाळीस, साठ माणसांच्या युनिटला. एवढ्या लहान गटाला विमा कंपनी सगळं माफ करत नाही, किंवा अर्धं माफ करते आणि अर्धं ठेवते. आणि 'अर्धं ठेवलंय' हे रिन्यूअलच्या गडबडीत कुणी वाचत नाही.

वेटिंग पिरियड एक नसतो, वेगवेगळे असतात. प्रमाणित पॉलिसी मजकुरात त्यांना ठरलेले कोड आहेत, आणि क्लेम नाकारल्याच्या पत्रात तेच कोड दिसतात. Excl01 म्हणजे पॉलिसी घेण्याआधीपासून असलेले आजार. त्यासाठीची कमाल मर्यादा नियामकाने २०२४ मध्ये ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणली. Excl02 म्हणजे नावानिशी यादी केलेले आजार आणि शस्त्रक्रिया: मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशयातले खडे, गुडघ्याचा सांधा बदलणं वगैरे. इथे आजार आधीचा होता की नंतर झाला याला महत्त्व नाही, ठरलेली मुदत सगळ्यांनाच. Excl03 म्हणजे सुरुवातीचे ३० दिवस, ज्यात अपघात सोडून बाकी आजारांचा क्लेम मिळत नाही. बाळंतपणाला अनेक ग्रुप पॉलिसींत नऊ महिन्यांची वेगळी अट असते.

आता त्याच मजकुरात, Excl01 आणि Excl02 मध्ये, आणखी एक वाक्य असतं आणि ते तुमच्या बाजूचं असतं. माणूस खंड न पडता आधीपासून विम्याखाली असेल तर तेवढे महिने वेटिंग पिरियडमधून वजा होतील, असा त्याचा अर्थ. म्हणजे क्रेडिट आहे. पण ते वाक्य कागदावर आहे, आणि टीपीए, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था, तिथला क्लेम मंजूर करणारा माणूस समोरच्या स्क्रीनवर एक तारीख बघतो. 'सदस्य पहिल्यांदा कव्हर झाला कधी?' ती तारीख तुम्ही दिलेली नसेल तर सिस्टिम नव्या पॉलिसीची सुरुवातीची तारीख धरून चालते. मग तुमच्याकडे बारा वर्षं असलेला फिटर नव्या विमा कंपनीच्या दृष्टीने १ एप्रिलला जन्मलेला असतो.

वैयक्तिक पॉलिसी दुसरीकडे नेताना माणूस स्वतः पोर्टेबिलिटीचा अर्ज भरतो आणि नवी कंपनी जुन्या कंपनीकडून त्याची माहिती मागवते. ग्रुपमध्ये तसं होत नाही. पॉलिसीधारक तुमची कंपनी आहे, कामगार नुसता सदस्य. त्याच्या हातात ना अर्ज, ना जुन्या पॉलिसीची प्रत. बहुतेकांकडे फक्त मोबाईलमधलं ई-कार्ड असतं आणि तेही एप्रिलमध्ये बदलतं. त्याचे महिने नेऊ शकेल असं एकच ऑफिस आहे, ते तुमचं.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते एका प्रकरणावरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, हिशोब मात्र तोच आहे.

रबाळ्यातलं एक मशीन शॉप, चाळीसच्या आत माणसं. तिथल्या स्टोअरकीपरच्या आईचं नाव १ एप्रिल २०२३ पासून पॉलिसीत होतं, सम इन्शुअर्ड दोन लाख. पॉलिसीत आधीचे आजार पहिल्या दिवसापासून कव्हर होते, पण यादीतल्या आजारांना २४ महिन्यांची मुदत होती. गुडघे दुखत होते, डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितलं होतं, आणि मुलाने विचारपूर्वक दोन वर्षं काढली. मुदत ३१ मार्च २०२५ ला पूर्ण झाली. १ एप्रिल २०२५ ला मालकांनी विमा कंपनी बदलली. चांगल्या मनाने सम इन्शुअर्डही तीन लाख केला. जुलैमध्ये आई दाखल व्हायच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर उत्तर आलं: कॅशलेस नाकारलं, कारण Excl02, पॉलिसीचं पहिलंच वर्ष. अंदाजपत्रक होतं दोन लाख साठ हजारांचं.

आम्ही नव्या कंपनीला गेलेली यादी उघडली. नाव, नातं, जन्मतारीख, सम इन्शुअर्ड, सगळं होतं. कामगारांसमोर 'रुजू झाल्याची तारीख' होती, पण ती नोकरीची, विम्याची नव्हे. आणि आई-वडील, बायको, मुलं यांच्या ओळींत तर तीही नव्हती, कारण ते कारखान्यात रुजू झालेलेच नाहीत. हे फॉर्मॅट पगारपत्रकावरून तयार झालं होतं. बहुतेक ठिकाणी तसंच होतं, आणि म्हणूनच फटका कामगारापेक्षा त्याच्या घरच्यांना जास्त बसतो.

दुरुस्ती झाली, पण आठवडाभर गेला आणि ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. जुन्या विमा कंपनीकडून २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांच्या पॉलिसी आणि त्यांच्या सदस्य याद्या काढल्या, आईची तारीख त्यात दाखवली, आणि नव्या कंपनीकडून दुरुस्तीचं एन्डॉर्समेंट घेतलं. कव्हर किंवा वय बदलत नव्हतं, म्हणून प्रीमियमही लागला नाही.

मंजूर झाले दोन लाख. साठ हजार मुलाने भरले. इथे मालक चिडले, आणि मला त्यांचा राग समजतो. पण विमा कंपनी नियमाने बरोबर होती. जुने महिने जुन्या सम इन्शुअर्डपुरतेच चालतात. वाढवलेल्या एक लाखासाठी वेटिंग पिरियड नव्याने सुरू होतो, तसं त्याच कलमात लिहिलेलं आहे. तीन लाखांचं कार्ड हातात असलं तरी गुडघ्यासाठी ते मार्च २०२७ संपेपर्यंत दोन लाखांचंच होतं. कोटेशन ठरवताना 'वाढीव रकमेवरही यादीतल्या आजारांची मुदत माफ' एवढी एक ओळ मागून घेतली असती तर चित्र वेगळं असतं. विमा कंपनी ती देईलच असं नाही, थोडा जादा प्रीमियमही मागेल. पण मागायची वेळ फेब्रुवारीत असते, जुलैमध्ये नाही.

याच प्रकरणात नव्या पॉलिसीची मुदत २४ ऐवजी ३६ महिने असती तर? अनेकांना वाटतं, जुन्याकडे मुदत पूर्ण झाली म्हणजे झाली. तसं नाही. तुम्ही नेता ते महिने, 'पूर्ण' असा शिक्का नव्हे. ३६ मधून २४ वजा, उरले १२. म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंत थांबावं लागलं असतं, जुलैचा नकार योग्य ठरला असता, आणि यादीतली तारीख अगदी अचूक असती तरी काही उपयोग झाला नसता. स्वस्त कोटेशनचं रहस्य कधी कधी एवढंच असतं.

म्हणून कोटेशनमध्ये 'आधीच्या पॉलिसीप्रमाणे' हे दोन शब्द बघून समाधान मानू नका. मला त्या शब्दांचा जरा रागच आहे, कारण नंतर प्रत्येक जण त्याचा आपल्याला हवा तो अर्थ काढतो. प्रत्येक मुदत वेगळ्या ओळीत लिहून घ्या: ३० दिवस माफ की नाही, यादीतले आजार माफ की किती महिने, आधीचे आजार माफ की किती महिने, बाळंतपणाचे नऊ महिने माफ की नाही. आणि त्याखाली एक वाक्य, की आधीच्या पॉलिसीत खंड न पडता काढलेले महिने सदस्यनिहाय धरले जातील. कोटेशनमधल्या या ओळी पॉलिसीच्या छापील शेड्यूलमध्ये उतरल्या का, ते पॉलिसी हातात आल्याच्या आठवड्यात बघा. ईमेलमध्ये मान्य केलेलं आणि शेड्यूलमधून गळलेलं, असं मी नको तितक्या वेळा पाहिलंय.

३० दिवसांबद्दल एक बारकावा आहे, तो नवीन भरतीला लागतो. Excl03 च्या मजकुरात सूट आहे ती बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ सलग कव्हर असलेल्याला. नोव्हेंबरमध्ये लागलेला मुलगा जुन्या पॉलिसीत पाचच महिने होता. शब्दशः वाचलं तर १ एप्रिलला त्याचे ३० दिवस पुन्हा सुरू होतात, आणि एप्रिलमध्ये त्याला टायफॉइड झाला तर क्लेम अडकू शकतो. उपाय सोपा आहे, ३० दिवसांची अट सरसकट माफ करून घ्यायची. लहान गटांनाही बहुतेक विमा कंपन्या एवढं देतात. फक्त कुणीतरी मागावं लागतं.

आता यादीबद्दल, कारण खरं काम तिथेच आहे.

यादी पगारपत्रकावरून करू नका. जुन्या विमा कंपनीकडून किंवा टीपीएकडून चालू सदस्यांची यादी मागवा. पॉलिसी सुरू झाल्यापासून जितकी माणसं वाढवली आणि कमी केली, त्या सगळ्या एन्डॉर्समेंटसकट. मार्चच्या मध्याला एकदा, म्हणजे चुका दुरुस्त करायला वेळ मिळतो, आणि ३१ मार्चला पुन्हा एकदा. मग ती पगारपत्रकाशी ताडून बघा. दोन्ही याद्या जुळल्या असं मला क्वचितच दिसलं आहे. कुणी नोकरी सोडून गेला तरी यादीत असतो, कुणाचं बाळ सहा महिन्यांचं झालं तरी यादीत नसतं. जी माणसं जुन्या यादीत नाहीत त्यांच्याकडे न्यायला महिनेच नाहीत, हे एप्रिलच्या आधी कळलेलं बरं. आणि जी जुन्या यादीत आहेत पण नव्या यादीतून चुकून सुटली, त्यांचं जास्त अवघड. पॉलिसी सुरू झाल्यावर मध्येच साधारणपणे नवा कामगार, लग्न झालेल्याची बायको किंवा नवरा आणि नवजात बाळ एवढ्यांनाच घेतात. सुटलेले वडील मे महिन्यात आठवले तर विमा कंपनी नाही म्हणू शकते, किंवा त्या दिवसापासून नवीन सदस्य म्हणून घेते. दोन्हीत महिने गेले.

त्या यादीत प्रत्येक ओळीला, कामगाराला आणि घरच्या प्रत्येकाला, दोन रकाने जोडा. पहिला, या माणसाला ग्रुप मेडिक्लेममध्ये खंड न पडता पहिल्यांदा कव्हर मिळालं ती तारीख. दुसरा, जुना सम इन्शुअर्ड. दुसरा रकाना का, ते वरच्या प्रकरणातून कळलं असेलच. तुम्ही याआधीही विमा कंपनी बदलली असेल तर तारीख पहिल्या कंपनीची द्या, मधल्या कंपनीची नव्हे, आणि त्या जुन्या पॉलिसींच्या प्रती शोधून जोडा.

तारीख लिहिताना 01/04/2023 असं लिहू नका. एखाद्या संगणकाचं सेटिंग अमेरिकन पद्धतीचं असलं की ती ४ जानेवारी होते. कामगाराच्या फायद्याचीच चूक, असं म्हणून सोडून देऊ नका. क्लेमच्या वेळी जुन्या पॉलिसीशी तारीख जुळली नाही की अख्ख्या यादीवर संशय येतो. 01-Apr-2023 असं लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला शंका राहत नाही.

नावं आणि जन्मतारखाही जुन्या यादीतल्याच ठेवा, निदान पहिल्या दिवशी. जुन्या यादीत 'शांताबाई' आणि नव्यात आधारवरचं 'शांता' आलं, किंवा शाळेच्या दाखल्यावरची १ जून जाऊन खरी जन्मतारीख आली, तर टीपीएच्या लेखी ती दोन वेगळी माणसं होऊ शकतात आणि महिने जुन्या शांताबाईंपाशीच राहतात. आपल्याकडे त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस मास्तरांनी १ जूनलाच केलेला आहे, त्यामुळे हा विनोद नाही. दुरुस्ती हवी असेल तर जुनी पॉलिसी चालू असतानाच जुन्या कंपनीकडून एन्डॉर्समेंट घेऊन करा, मग दोन्हीकडे एकच नाव जाईल.

मध्ये एक दिवसही फट पडू देऊ नका. जुनी पॉलिसी ३१ मार्चच्या मध्यरात्री संपते, नवी त्याच क्षणी सुरू व्हायला हवी. विमा कायदा १९३८ च्या कलम ६४व्हीबी प्रमाणे प्रीमियम हातात आल्याशिवाय विमा कंपनी जोखीम घेऊ शकत नाही. मार्चअखेरीस बँकांची धावपळ असते, चेक २ एप्रिलला पोहोचला तर पॉलिसी २ एप्रिलची होते. मग 'खंड न पडता' हे शब्द तुमच्याच विरोधात वाचले जातात. रिन्यूअलला मिळणारी ३० दिवसांची सवलत त्याच कंपनीकडे रिन्यूअल करणाऱ्यासाठी आहे, दुसरीकडे जाणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये. पैसे २५ मार्चपर्यंत पाठवून पोच घ्या.

३१ मार्चच्या रात्री कुणी हॉस्पिटलात असेल तर घाबरू नका. क्लेम कुठल्या पॉलिसीत जाणार ते माणूस हॉस्पिटलात दाखल झाल्याच्या तारखेवरून ठरतं. ३० मार्चला दाखल झालेल्याचं बिल आणि त्याच्या डिस्चार्जनंतरच्या औषधांचा ठरलेला काळ जुन्याच पॉलिसीत जातो. मात्र त्याचं नाव नव्या यादीतही हवं.

ज्यांनी या १ एप्रिलला बदल उरकून टाकला आहे, त्यांनी नव्या टीपीएच्या पोर्टलवर जाऊन तीन-चार सदस्य उघडावेत, त्यात एक तरी कुणाचे तरी आई-वडील असावेत. ई-कार्डावर किंवा सदस्याच्या माहितीत पहिल्या कव्हरची तारीख दिसते. सगळ्यांसमोर नव्या पॉलिसीचीच तारीख असेल तर तुमचे महिने गेलेले नाहीत, फक्त पोहोचलेले नाहीत. जुन्या पॉलिसी आणि याद्या जोडून दुरुस्तीचं एन्डॉर्समेंट आजच मागा. कुणाचं कॅशलेस याच कारणाने आधीच नाकारलं असेल तर तो क्लेमचा शेवट नाही. बिलं, डिस्चार्ज समरी आणि दुरुस्त तारखेचा कागद जोडून रीइम्बर्समेंटसाठी दाखल करता येतं. फक्त कागद पाठवण्याची मुदत पॉलिसीत बघून घ्या.

आणि जो माणूस तुमच्याकडून निवृत्त होतोय किंवा नोकरी सोडतोय, त्याला जाताना त्याच्या आणि घरच्यांच्या पहिल्या कव्हरच्या तारखा लिहिलेलं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर द्या, सोबत विमा कंपनीचं सदस्य प्रमाणपत्र. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा त्याला हक्क आहे, आणि तिथे जाताना हेच महिने त्याला मोजून दाखवावे लागतात. साठीच्या माणसाला नवीन पॉलिसीत तीन वर्षं थांबायला सांगणं म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. पत्र टाइप करायला दहा मिनिटं लागतात. अर्ज मात्र ग्रुपमधलं कव्हर संपायच्या आत करायचा असतो, तेव्हा हे पत्र त्याला शेवटच्या पगारासोबत न देता राजीनामा आल्याच्या आठवड्यातच द्या.

आपला,
ग्रुप मेडिक्लेमच्या क्लेम डेस्कवरचा एक जण, ठाणे